किरकोळ नव्हे, उचंत

मराठी हिशेबात सर्वांत जास्त लपवाछपवी कोणता शब्द करत असेल, तर तो 'किरकोळ'. गेली काही वर्षे मी कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या घरखर्चाच्या वह्या पाहतो आहे. काही माझ्या नातेवाइकांच्या, काही बचत गटातल्या बायकांच्या, काही चक्क रद्दीतून हाती लागलेल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत महिन्याच्या शेवटी एक ओळ असते, 'किरकोळ', आणि तिच्यापुढे एक गोल आकडा. पाचशे, हजार, दीड हजार. लिहिणाऱ्याला हा खर्च कशाचा हे माहीत नसते, पण शब्द मात्र असा निवडलेला असतो की जणू माहीत आहे आणि सांगण्याजोगे काही नाही.

बँकेच्या नोंदीने हा गोंधळ कमी केलेला नाही. फोनवरून पैसे देण्याची सोय आली, भाजीच्या गाड्यांवर चौकोनी ठिपक्यांचे फलक आले, पैसे मिळाल्याचे मोठ्याने सांगणाऱ्या डब्या आल्या, हे खरे आहे. पण पहिल्या पावसानंतर डोंगरावरून टोपली घेऊन उतरणारी ठाकर किंवा कातकरी बाई शेवळांचे वाटे मांडून बसते, तिला रोखच द्यावी लागते. मिनीडोरमध्ये दाटीवाटीने बसलेला माणूस उतरताना हातात घट्ट धरलेले सुटेच पुढे करतो. सिलिंडर वर चढवून देणाऱ्याला, गोणी उचलणाऱ्याला, देवळातल्या तबकात आपण जे देतो त्याची पावती नसते. पासबुकात या सगळ्याच्या ऐवजी एकच ओळ दिसते : एटीएममधून दोन हजार. पुढचा प्रवास अंधारात.

त्या अंधारात कसे पाहायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे. आणि त्याची रीत नवी नाही.

आपल्याकडच्या रोजकीर्दीत एक पक्का नियम होता. आधी आदल्या दिवसाची शिल्लक, मग आजची जमा, मग आजचा खर्च, आणि शेवटी पेटीत प्रत्यक्ष मोजलेली रोकड. पेशव्यांच्या दफ्तरातल्या रोजकीर्दींतून गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले; आपण ते इतिहासाचे साधन म्हणून वाचतो, पण मुळात ती जमाखर्चाची कागदपत्रे आहेत. जुन्या नोंदींतला मला सर्वांत आवडणारा शब्द 'हस्ते'. पैसे कशासाठी गेले याच्याइतकेच ते कोणाच्या हातून गेले, हेही लिहिले जाई. आणि हिशेब व पेटी यांचा मेळ बसला नाही, तर पडलेला फरक 'उचंत' खाती टाकत. सरकारी कचेऱ्यांतून हा शब्द अजून जिवंत आहे. उचंत म्हणजे ज्याचे खाते अजून ठरलेले नाही अशी रक्कम. 'किरकोळ' म्हणतो, हे क्षुल्लक आहे, सोडा. 'उचंत' म्हणतो, हे मला अजून कळलेले नाही. घरखर्चाच्या वहीत पहिला शब्द काढून दुसरा घातला की निम्मे काम होते, असे माझे मत आहे.

उरलेले निम्मे काम मोजण्याचे. बहुतेक लोक खर्च आठवून लिहितात आणि चार दिवसांत कंटाळतात. उलट्या बाजूने जावे. रात्री झोपण्यापूर्वी, ठरलेल्या वेळी, घरातली रोख मोजायची : डब्यातली, पर्समधली, शर्टाच्या खिशातली, देवघरातल्या वाटीतली. कालची शिल्लक अधिक आज हातात आलेली रोख, वजा आजची शिल्लक, म्हणजे आज घराबाहेर गेलेले पैसे. हा आकडा स्मरणशक्तीवर अवलंबून नाही. तो आधी काढावा आणि नंतरच दिवसभराचा खर्च आठवून त्याच्यासमोर मांडावा. आठवलेले कमी पडते. जेवढे कमी पडते तेवढे त्या दिवसाचे उचंत.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी आठवले आणि नंतर मोजले, तर मन मेळ बसवण्यासाठी आठवणी तयार करते. भाजी साठाची होती की ऐंशीची, असा प्रश्न पडला की नेमका हवा तो आकडा आठवतो.

आता एका आठवड्याचा हिशेब सांगतो. खोपोलीच्या एका टोकाला राहणाऱ्या एका ताईंचा. नाव सांगत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्या कर्जत रस्त्यावरच्या एका बंगल्यात स्वयंपाकाला जातात, तो पगार बँकेत येतो आणि घरभाडे, वीज, मुलांची फी यांत संपतो. फावल्या वेळात ब्लाउज शिवतात. यजमान फरशी बसवण्याच्या कामाला जातात, त्यांची मजुरी रोख. दोन मुले. ताईंना मोटरचे शिलाई यंत्र घ्यायचे होते आणि त्यासाठी कर्जाचा हप्ता साधारण सव्वादोन हजार येणार होता.

अशा छोट्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम असा, की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत असावेत. ही कमाल मर्यादा उत्पन्नावर बेतलेली आहे. उरलेल्या निम्म्यात घर चालते का, हे शेवटी त्या घरालाच ठाऊक असायला हवे. ताईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "रोखीने जातात दहा हजार महिन्याला, भाऊ. जास्तीत जास्त."

जुलैमधल्या एका रविवारी रात्री आम्ही सुरुवातीची शिल्लक मोजली. डबा, पर्स आणि यजमानांचा खिसा मिळून १,७८५ रुपये. पुढच्या आठवड्यात पावसामुळे यजमानांचे तीनच दिवस भरले, त्याचे ३,६०० आले. ब्लाउजचे ४५० आले. पुढच्या रविवारी रात्री मोजली तेव्हा घरात २,४३५ रुपये होते. ताई खूश झाल्या. साडेसहाशे वाढले होते.

पण त्याच आठवड्यात त्यांनी शेजारणीचे विजेचे बिल आपल्या फोनवरून भरले होते आणि तिने ९०० रुपये रोख हातात दिले होते. हल्ली खेड्यापाड्यात हे सर्रास चालते. ज्याच्याकडे फोन आणि बँक खाते आहे, तो आळीचा खजिनदार होतो. दुकानदाराला फोनवरून पाचशे पाठवून तीनशेचा माल आणि दोनशे रोख घेणे, हाही त्यातलाच प्रकार. अशा वेळी बँकेच्या नोंदीत खर्च दिसतो, पण तो खर्च नसतो. आणि डब्यात कमाई दिसते, पण ती कमाई नसते. रोखीच्या हिशेबातली सर्वांत मोठी फसगत इथे होते, आणि ती ओळखण्याची खूण अशी, की बँकेत एखाद्या महिन्यात विजेची दोन बिले दिसतात किंवा डबा कारणाशिवाय भरलेला दिसतो.

तर हे ९०० धरून हिशेब असा : १,७८५ अधिक ३,६०० अधिक ४५० अधिक ९००, म्हणजे ६,७३५. त्यातून २,४३५ वजा केले की ४,३०० रुपये घराबाहेर गेले. शेजारणीचे पैसे धरले नसते तर ३,४०० दिसले असते.

वही उघडण्यापूर्वी मी ताईंना आठवड्याचा खर्च तोंडी सांगायला लावले. किराणा, भाजी, दूध, सुकी मासळी, येणे-जाणे, मुलांच्या वह्या, असे करत २,३०० झाले. रोज रात्री लिहिलेल्या वहीतली बेरीज मात्र ३,७२० होती. म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिलेले १,४२० रुपये त्यांना सात दिवसांत आठवेनासे झाले होते, आणि त्याखेरीज ५८० रुपये वहीतही नव्हते.

विसरलेल्या खर्चाला एक आकार असतो. ताईंनी भाजीचे ४२० सांगितले. तो बाजारातून पिशवी भरून आणलेल्या भाजीचा आकडा होता. वहीत ६९० होते. मधले २७० रुपये टाकळा, कुर्डू, करटोली यांच्या वाट्यांचे, कामावरून येताना रस्त्यावर वाकून घेतलेले, एकेक वीस-तीस-चाळीसचे. किराण्याचेही तसेच. महिन्याची यादी आठवते. संध्याकाळी मुलाला पाठवून आणवलेली जिरे-मोहरीची पुडी आठवत नाही. प्रवासात जाण्याचे भाडे आठवले, कारण ते रोजचे आणि ठरलेले. पावसात भिजत उभे राहण्यापेक्षा एकदा अख्खी रिक्षा 'स्पेशल' करून आणली, ते आठवले नाही. मुलांचे वडापाव तर त्यांच्या लेखी खर्चच नव्हते. माणूस खर्च आठवत नाही, खरेदीला गेल्याचे आठवतो. जिथे मुद्दाम गेलो नाही, तिथे दिलेले पैसे स्मरणात घर करत नाहीत.

सरकारी पाहणी करणाऱ्यांनाही ही अडचण जुनी आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेत महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंगालच्या खेड्यांत तपासून पाहिले, की लोकांना गेल्या आठवड्याचा खर्च विचारावा की गेल्या महिन्याचा. तांदळासारख्या नेहमीच्या वस्तूंच्या बाबतीत त्यांना महिन्याची आठवण प्रत्यक्ष मापाच्या अधिक जवळ जाणारी दिसली. आठवडा विचारला की आकडे फुगत. पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या फेरीत बऱ्याच खाद्यवस्तूंसाठी दोन्ही मुदती एकाच कागदावर शेजारी शेजारी विचारल्या गेल्या आणि उत्तर देणाऱ्याचा एक आकडा दुसऱ्यावर सावली टाकू लागला. त्यावरून अर्थतज्ज्ञांत वर्षानुवर्षे वाद झाला. आता धान्याला महिना, भाजी-फळे-मासळी-चहापाण्याला आठवडा आणि कपडे, भांडी अशा कधीमधी होणाऱ्या खरेदीला वर्ष, अशी वाटणी आहे. २०२२-२३ च्या पाहणीत तर एकाच घरी तीन महिन्यांत तीनदा जाऊन वेगवेगळ्या वस्तू विचारल्या. घरखर्चाच्या वहीला यातून घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की भाजी आणि भांडी एका पानावर विचारू नयेत. आणि एक कुतूहलाची बाब : या पाहण्यांच्या व्याख्येत दानधर्म आणि दुसऱ्याला दिलेली भेट हा उपभोगाचा खर्च नव्हे. आपण दिलेली दिवाळीची पोस्त तिथे आपल्या खर्चात धरली जात नाही. डब्यातून मात्र ती जातेच.

ताईंच्या ५८० रुपयांच्या उचंताकडे वळू. हा शोध आठवणीने नव्हे, 'हस्ते' या शब्दाने लागतो. काय घेतले, असे न विचारता पैसे कोणाच्या हातात होते, असे विचारायचे. यजमानांच्या खिशातून ३४० गेले होते. नाक्यावरचा चहा, तंबाखू, सोबतच्या मजुराला पाजलेला चहा. धाकट्या मुलाने डब्यातून आईला सांगून ५० घेतले होते, आई कामात होती. जावेला १०० उसने दिले होते. राहिले ९०, त्यांचा माग लागला नाही.

उसने दिलेले १०० खर्च नव्हेत, ते येणे आहे. त्यांना वेगळे पान हवे. ते वजा केले की आठवड्याचा खरा रोख खर्च ४,२०० ठरतो. रोख कमाई होती ४,०५०. डबा साडेसहाशेने फुगलेला दिसत असताना घर प्रत्यक्षात दीडशे रुपयांनी मागे गेले होते. तोंडी हिशेबाने महिन्याला सुमारे दहा हजार होत होते, मोजलेल्या हिशेबाने अठरा हजार. सव्वादोन हजारांचा हप्ता पहिल्या आकड्यात आरामात बसत होता. दुसऱ्यात त्याला जागाच नव्हती.

एका आठवड्याला तीसाने गुणून साताने भागणे हे धोक्याचे, हे सांगायला हवे. एखादा औषधाचा खर्च किंवा एखादी वर्गणी त्या आठवड्यात पडली तर गुणाकारात ती चौपट होते. म्हणून आम्ही सलग चार आठवडे मोजले. आकडा थोडा खाली आला, चित्र बदलले नाही. ताईंनी कर्ज घेतले, पण जुन्या यंत्रासाठी, सातशेच्या हप्त्याचे. आणि शिलाईचे पैसे वेगळ्या बटव्यात ठेवायला लागल्या, म्हणजे यंत्राचा हप्ता यंत्राने कमवावा.

या चार आठवड्यांत सर्वांत नाजूक क्षण ९०० रुपयांचा नव्हता, ३४० रुपयांचा होता. वहीत 'तंबाखू' असा शब्द ताईंनी लिहिला तेव्हा यजमान उठून बाहेर गेले. पुढचे दोन दिवस त्यांच्या खिशाची मोजणी झाली नाही, आणि त्या दोन दिवसांचे उचंत दुप्पट निघाले. घरातल्या वहीचे पोलीस ठाणे झाले की आकडे खोटे व्हायला लागतात. यावर जुना उपाय आहे, हातखर्च. घरातल्या प्रत्येक मिळवत्या आणि न मिळवत्या माणसाला ठरावीक रक्कम, ती दिली त्या दिवशी खर्ची टाकायची आणि पुढे तिचे काय झाले हे विचारायचे नाही. वहीतून तंबाखू गेली आणि 'हातखर्च, यजमान' अशी ओळ आली. हिशेब आधीपेक्षा कमी तपशिलाचा झाला, पण खरा झाला. मला हा सौदा मान्य आहे.

हाच न्याय दुसऱ्या बाजूलाही लावावा लागतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा कितीतरी घरांत तांदळाच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून नोटा बाहेर आल्या आणि नवऱ्यांच्या हाती गेल्या. त्या पैशांचा कोणत्याही वहीत उल्लेख नव्हता, आणि नसण्यातच त्यांचा उपयोग होता. रोखीचा माग काढण्याची रीत सांगताना मी प्रत्येक घरात एवढे सांगतो, की बाईच्या अशा डब्यात टाकलेले पैसे 'हातखर्च' म्हणूनच लिहावेत आणि तो डबा रात्रीच्या मोजणीत आणू नये. याने संशोधनाचे नुकसान होते. होऊ दे.

भाजीबद्दल थोडे आणखी लिहायला हवे, कारण इथे नुसते रुपये लिहून भागत नाही. आमच्याकडे रानभाजी किलोवर नसते, वाट्यावर किंवा जुडीवर असते. भाव वाढतो तेव्हा वाट्याची किंमत तीच राहते आणि वाटा लहान होतो. वहीत दोन्ही वर्षी 'टाकळा, २०' असेच दिसते आणि महागाई दिसत नाही. म्हणून हंगामात एकदोनदा घरी आल्यावर वाटा वजनाच्या काट्यावर ठेवावा आणि ग्रॅम लिहावेत. एकच पथ्य, हे वजन विकणारीसमोर करू नये. ती सकाळी डोंगर उतरून आलेली असते, आणि आपल्याला भाव पाडायचा नाही, नोंद करायची आहे. शेवळांचे वाटे घेताना काकडाची फळेही घ्यावी लागतात, नाहीतर घसा खवखवतो. ती जोडखरेदी वहीत नेहमी राहून जाते. शनिवारी-रविवारी पर्यटकांच्या गाड्या कर्जत-नेरळच्या रस्त्यांवर थांबू लागल्या की तोच वाटा महाग होतो, म्हणून तारखेबरोबर वारही लिहावा. आणि सुट्यांच्या जागी मिळालेली कोथिंबीर किंवा चार मिरच्या? मी त्या भाजीतच धरतो. पाच रुपये गेलेच आहेत. ते कशाच्या रूपाने परत आले हा तपशील झाला.

पोस्तीचे पान मात्र वेगळे ठेवावे. वर्षभर दहा-वीस रुपयांनी जाणारी बक्षिशी आणि दिवाळीत एकदम जाणारी पोस्त यांची बेरीज एकत्र केली, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचे सगळे आकडे वाकतात. पोस्तमन, सफाई कामगार, सिलिंडरवाला, दूधवाला, वायरमन, यांची नावे आणि गेल्या वर्षी दिलेली रक्कम लिहून ठेवली की यंदा दारात उभे राहून आठवावे लागत नाही. भाऊबीजेची ओवाळणी याच पानावर येते, फक्त तिची जमा बाजू दुसऱ्याच्या वहीत असते.

पाडव्याला नवी वही सुरू करताना जुन्या वहीतून तीनच आकडे पुढे ओढायचे : मोजलेली रोख, उसने दिलेले-घेतलेले आणि उचंत. ताईंच्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर जावेकडचे शंभर रुपये नसतील, ते परत आले. उचंताखाली ९० रुपये आहेत.